नवरा-बायकोचं एकत्र गृहकर्ज: व्याज आणि मुद्दल हिश्शाप्रमाणे कसं वाटायचं

गणपतीला चाकरमानी गावी आले की माझ्याकडे दोन गोष्टी हमखास येतात: मोदकांचा डबा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं. मी रत्नागिरीत करसल्लागार म्हणून काम करतो. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी विसर्जन आटोपून माझी मामेबहीण आणि तिचा नवरा असेच पिशवी घेऊन आले. दोघं मुंबईत नोकरी करतात आणि तिथे भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी रत्नागिरीत तयार फ्लॅट घेतला, तो दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर. बहिणीचं म्हणणं सरळ होतं. "दादा, कर्ज दोघांचं आहे, म्हणजे दोघांना दोन-दोन लाख व्याजाची सूट. बरोबर ना?"

बरोबर नाही. कुठे चुकतं ते त्यांच्याच आकड्यांवरून दाखवतो. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलतात (मुद्दलावर सवलत देणाऱ्या ८०सी चं कलम १२३ होतं), पण राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची मर्यादा आणि हिश्शाचं तत्त्व तेच राहतं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

एकत्र कर्जात तीन निरनिराळी नाती असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं नातं मालकीचं: खरेदीखतात तुमचा हिस्सा किती. दुसरं कर्जाचं: बँकेच्या मंजुरीपत्रात तुम्ही कर्जदार आहात का. तिसरं पैशाचं: हप्ता प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून जातो.

सवलत मिळायला तिन्ही लागतात. मालक आहात पण कर्जदार नाही, तर व्याज तुमचं नव्हे. कर्जदार आहात पण मालक नाही, तर घराचं उत्पन्न तुमचं नाही, मग त्यातून व्याज वजा कुठून होणार? आपल्याकडे दुसरा प्रकार फार दिसतो. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही म्हणून बायकोला सहकर्जदार करतात, खरेदीखतात मात्र तिचं नाव नसतं. ती वीस वर्षं हप्ता भरते आणि तिला व्याजाची दमडीची सूट मिळत नाही, कारण मालकीच नाही.

सहमालकांबाबत कायद्याचं कलम २६ सांगतं की हिस्से निश्चित आणि मोजता येण्याजोगे असतील, तर प्रत्येकाचं घराचं उत्पन्न त्याच्या हिश्शापुरतं स्वतंत्र मोजायचं. म्हणूनच राहत्या घरासाठी २ लाखांची मर्यादा घराला नसून माणसाला आहे. मूळ फायदा आहे तो इथे. पण प्रत्येकाची वजावट त्याच्या वाट्याच्या व्याजापुरतीच मिळते. २ लाख ही कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे.

तिन्ही प्रमाणं सारखी नसली तर काय, यावर सल्लागारांत मतभेद होतात. मी सावध पद्धत वापरतो: मालकी, कर्ज आणि भरणा यांत ज्याचं प्रमाण सर्वांत कमी, तेवढाच दावा करायचा. मालकी निम्मी-निम्मी आहे, पण नवरा हप्त्याचे ८० टक्के भरतो, असं समजा. त्याला ५० टक्क्यांवर मालकी अडवते. बायको २० टक्केच भरते, म्हणून तिला मी २० टक्क्यांवर थांबवतो. उरलेलं ३० टक्के व्याज कोणाच्याच कामी येत नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून तिन्ही प्रमाणं जुळवून ठेवणं सोपं.

पायरी पहिली: हिस्सा खरेदीखतात लिहून घ्या

बहिणीच्या खरेदीखतात दोघांची नावं होती, हिस्सा मात्र कुठेच नव्हता. बिल्डरच्या वकिलाकडचे मसुदे असेच असतात: "लिहून घेणार" म्हणून दोन नावं आणि पुढे "संयुक्तपणे".

हिस्सा लिहिलेला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागू होतं. दोघांनी आपापले वेगळे पैसे घातले असतील, तर ज्याने जेवढे घातले त्या प्रमाणात हिस्सा. पैसे कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर हिस्से समान धरले जातात. हिस्सा लिहिला नाही म्हणजे आपोआप निम्मं-निम्मं, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धवट आहे, कारण आधी पैशाचा माग पाहिला जातो.

म्हणून दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी मसुद्यात एक वाक्य घालायला सांगा. आमच्याकडे ते साधारण असं लिहितात: "सदर सदनिकेमध्ये लिहून घेणार क्र. १ यांचा ५० टक्के व लिहून घेणार क्र. २ यांचा ५० टक्के अविभक्त हिस्सा राहील." वकिलाला हे टाइप करायला दोन मिनिटं लागतात. "त्याची काही गरज नाही हो" असं उत्तर येईल. तरी आग्रह धरा.

हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापतं, तेही लक्षात असू द्या. बायको गृहिणी आहे, सगळे पैसे नवऱ्याचे आहेत आणि खरेदीखतात निम्मा हिस्सा स्पष्ट लिहिला, तर नवरा निम्म्या व्याजावर अडकला. हिस्सा लिहिलाच नसता, तर सगळा पैसा आपला आहे हे बँकेच्या नोंदींवरून दाखवून पूर्ण व्याजावर दावा मांडायला त्याला जागा उरली असती.

नंतर हिस्सा बदलता येतो का? लिहिण्यात चूक झाली असेल तर चूकदुरुस्ती लेख होतो. पण ५० चे ७० करणं ही चूकदुरुस्ती नाही, ते हस्तांतरण आहे. त्याला बक्षीसपत्र लागतं आणि घर गहाण असल्याने बँकेची परवानगीही लागते. शिवाय नवरा-बायकोत मोबदला न घेता घर किंवा त्यातला हिस्सा दिला, तर आयकराच्या कलम २७ प्रमाणे देणाराच मालक मानला जातो. इतकी उठाठेव करून करात काहीच हलत नाही.

खरेदीआधी विचारात घ्यायची आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात राहतं घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. ४८ लाखांच्या घरावर हे ४८ हजार रुपये होतात. नवऱ्याला व्याजाच्या सवलतीचा उपयोगच नसेल, तर एकटीच्या नावावर घर घेणं हा चांगला पर्याय ठरू शकतो. का, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

पायरी दुसरी: सुरुवातीच्या पैशाचा माग

बहिणीचा फ्लॅट ४८ लाखांचा. कर्ज ३६ लाख, घरचे १२ लाख. त्यातले सहा भाऊजींच्या ठेवीतून गेले आणि सहा बहिणीचे. बहिणीच्या सहातले साडेतीन तिच्या बचतीचे, अडीच मामांनी दिलेले. मामा आंब्याच्या हंगामानंतर नोटा हातात द्यायला निघाले होते. मी त्यांना धनादेश द्यायला लावला. एक तर २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एकाच व्यवहारात रोखीने घ्यायला कायद्याची बंदी आहे. दुसरं म्हणजे बापाने मुलीला दिलेल्या रकमेवर कर नाही, पण तो पैसा तिचा होता हे दिसायला तिच्या खात्यात यायला हवा. तिथून तो बिल्डरकडे गेला. खरेदीखतात लिहिलेला नसला, तरी तिचा निम्मा हिस्सा आता घरच्या पैशात दिसतो.

हेच सहा लाख भाऊजींनी तिला दिले असते, तर? तिच्या त्या हिश्शातून उद्या भाडं आलं तर ते पत्नीला दिलेल्या पैशातून आलेलं उत्पन्न म्हणून भाऊजींच्या उत्पन्नात मिळवावं लागलं असतं. घर बंद असेपर्यंत हे जाणवत नाही. भाडेकरू आला की जाणवतं.

पायरी तिसरी: हप्त्याचं खातं

कर्ज वीस वर्षांचं, दर साडेआठ टक्के, हप्ता साधारण ३१,२५० रुपये. बहिणीकडे पूर्ण हप्ता भाऊजींच्या पगार खात्यातून कापला जात होता आणि घरभाडं सोडून घरखर्च बहीण चालवत होती. संसार म्हणून हे रास्तच आहे. पण मुद्दलाची ८०सी खालची सवलत प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर मिळते. किराणा आणि शाळेची फी भरली म्हणून ती मिळत नाही.

उपाय साधा आहे. दोघांच्या नावावर एक खातं काढायचं आणि हप्ता तिथून वळता करायचा. दोघांनी महिन्याच्या २ तारखेला आपापल्या पगार खात्यातून १५,६२५ रुपये त्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेला द्यायची. हप्ता ५ तारखेला कापला जातो. वर्षाअखेरीला खात्याचा उतारा काढला की कोणी किती भरलं हे सांगावं लागत नाही, दिसतं.

व्याज आणि मुद्दल यांत एक फरक आहे. कलम २४(ब) खाली व्याज देय झालं की वजा होतं, म्हणजे मार्चचा हप्ता चुकला तरी त्या वर्षाचं व्याज धरता येतं. मुद्दल मात्र भरलं त्याच वर्षी. शिवाय व्याजाची सवलत मित्राकडून किंवा पतपेढीकडून घेतलेल्या कर्जावरही मिळते. मुद्दलाला बँक, गृहवित्त कंपनी, एलआयसी अशा कायद्यात नमूद केलेल्या संस्थांचंच कर्ज लागतं.

पायरी चौथी: वर्षाचा आकडा घेऊन वाटा

बँक वर्षाला एक प्रमाणपत्र देते. त्यावर दोघांची नावं असतात आणि खाली दोनच रकमा. बहिणीच्या प्रमाणपत्रावर व्याज ३,०३,००० आणि मुद्दल ७२,००० होतं. कोणाचं किती, हे बँक लिहीत नाही. ती वाटणी तुमची. जानेवारीत कंपनी पुरावे मागते तेव्हा हातात अंदाजी प्रमाणपत्र असतं, एप्रिलमध्ये अंतिम मिळतं. मधे कर्जात जादा रक्कम भरली असेल तर दोन्हींत फरक पडतो. विवरणपत्र अंतिम प्रमाणपत्रावरूनच भरा.

निम्मा हिस्सा असताना प्रत्येकाचं व्याज १,५१,५०० आणि मुद्दल ३६,०००. घर एकट्या भाऊजींच्या नावावर असतं तर ३,०३,००० पैकी २ लाखच चालले असते आणि १,०३,००० वाया गेले असते. ७०-३० अशी मालकी असती, तर भाऊजींच्या वाट्याला २,१२,१०० येतात, त्यातले १२,१०० मर्यादेबाहेर, आणि बहिणीला ९०,९००. या कर्जात पहिल्या वर्षी ६६ टक्क्यांच्या वर हिस्सा गेला की गळती सुरू होते. सगळं व्याज एकाच नावावर असलं, तरी साधारण बाराव्या वर्षापासून ते २ लाखांच्या आत येतं आणि मग वाटणीचा प्रश्न उरत नाही.

मुद्दलाचं गणित वेगळं. ८०सी ची १,५०,००० ही मर्यादा एकट्या मुद्दलाची नाही. भाऊजींचा भविष्य निर्वाह निधी १,०८,००० आणि विम्याचा हप्ता २०,०००, म्हणजे १,२८,००० आधीच भरले. ३६,००० मुद्दलातले २२,००० कामी आले, १४,००० नाही. ज्याची ८०सी भरलेली आहे, त्याच्याकडे मुद्दल ढकलून काही मिळत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा याच दीड लाखात बसते, तीही भरली त्याच वर्षी आणि ज्याने भरली त्याला. ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षाअखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर मुद्दलावर घेतलेली जुनी सवलत उलटून विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात येते.

पायरी पाचवी: ही सवलत तुम्हाला हवी आहे का

इथे बहिणीचा चेहरा उतरला. राहत्या घराचं व्याज आणि ८०सी, दोन्ही फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. नवी पद्धत आता आपोआप लागू असते. तिच्यात पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट आहे. म्हणजे उत्पन्न फक्त पगाराचं असेल, तर १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर शून्य.

बहिणीचा पगार ९,६०,०००. नव्या पद्धतीत तिचा कर शून्य. जुन्या पद्धतीत निम्मं व्याज, निम्मं मुद्दल आणि निर्वाह निधी सगळं वजा करूनही जवळजवळ ४७ हजार कर आला असता. तेव्हा तिच्या वाट्याचे १,५१,५०० व्याज बिनकामाचे. ते भाऊजींना उसने देता येत नाहीत, कारण हिस्सा तिचा आहे.

भाऊजींचा पगार १८ लाख. नव्या पद्धतीत कर आणि उपकर मिळून १,५०,८००. जुन्या पद्धतीत त्यांना घरभाडं भत्त्याचीही सूट आहे. भाडं महिना ३२,५०० म्हणजे वर्षाला ३,९०,०००. त्यातून मूळ वेतनाचा (९ लाख) दहावा भाग वजा करून ३ लाख करमुक्त. रत्नागिरीत स्वतःचं घर आणि मुंबईत भाड्याचं घर, म्हणून भाड्याची सूट आणि व्याजाची सूट दोन्ही एकाच वेळी चालतात. रत्नागिरीचा फ्लॅट वर्षभर बंद असतो, गणपतीला आणि शिमग्याला उघडतो, तरी तो स्वतःच्या वापराचाच धरला जातो.

आता जुन्या पद्धतीची बेरीज. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, भाडं ३,००,०००, ८०सी १,५०,०००, आरोग्य विमा २५,००० आणि व्याज १,५१,५००. एकूण ६,७९,०००. करपात्र उत्पन्न ११,२१,०००, कर १,५४,७५२. नव्या पद्धतीपेक्षा ३,९५२ रुपये जास्त! गृहकर्ज, भाडं, विमा सगळं दाखवून नवीच पद्धत स्वस्त.

भाऊजींनी लगेच विचारलं, "मग माझा हिस्सा ६६ टक्के असता तर?" तर व्याज २ लाख, करपात्र १०,७२,५००, कर १,३९,६२०. नव्या पद्धतीपेक्षा ११,१८० ने कमी. हिस्सा फिरवण्याची पूर्ण कमाई वर्षाला ११,१८०. लोकांच्या डोक्यात आकडा असतो दोन लाखांवर ३१.२ टक्के, म्हणजे ६२,४०० चा. तुलना नव्या पद्धतीशी करायची असते, हे विसरल्यामुळे तो येतो.

माझं मत त्यांना तोंडावर सांगितलं: अकरा हजारांसाठी बायकोचा हिस्सा कमी लिहू नका. घर विकताना भांडवली नफा याच हिश्शाने वाटला जाणार आणि वारसाहक्कही याच हिश्शावर ठरणार. करपद्धत पगारदाराला दरवर्षी बदलता येते, हिस्सा येत नाही.

एकत्र कर्जातल्या वाटणीचा खरा लाभ होतो तो दोघंही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतात आणि दोघांकडेही जुन्या पद्धतीत टिकण्याइतक्या दुसऱ्या वजावटी असतात तेव्हा. आणि घर भाड्याने दिलं की चित्र पालटतं. भाड्याच्या घराचं व्याज नव्या पद्धतीतही भाड्यातून वजा होतं. फ्लॅट महिना ९,००० ने दिला, तर वर्षाचे १,०८,०००, प्रत्येकाला ५४,०००. त्यातून आधी भरलेल्या घरपट्टीचा आपला वाटा जातो, मग ३० टक्के दुरुस्तीपोटी जातात. अगदी घरपट्टी नाही असं धरलं तरी उरतात ३७,८००, आणि आपल्या वाट्याचं व्याज त्याहून कितीतरी जास्त. कर शून्य. उरलेला तोटा नव्या पद्धतीत पगारातून वजा होत नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत होतो, बाकीचा आठ वर्षं पुढे नेता येतो. पर्यटकांना दिवसाच्या दराने, चहा-नाश्त्यासह खोल्या देत असाल तर ते व्यवसायाचं उत्पन्न होऊ शकतं आणि हा हिशोब लागू होत नाही.

पायरी सहावी: विवरणपत्रात कुठे चुकतं

कंपनीला द्यायच्या फॉर्म १२बीबी मध्ये फक्त आपल्या वाट्याचं व्याज लिहा, सोबत प्रमाणपत्राची प्रत आणि दोघांच्या सहीचा साधा कागद: मालकी इतकी-इतकी, व्याज इतकं-इतकं. त्याला स्टँपपेपर लागत नाही.

आयटीआर-२ मध्ये घराच्या तक्त्यात मालमत्ता सामायिक आहे का, तुमचा हिस्सा किती टक्के, सहमालकाचं नाव आणि पॅन विचारतात. तिथे ५० टाकलं की भाड्याची रक्कम फॉर्म स्वतःच निम्मी करतो. पण खाली व्याजाच्या रकान्यात तुम्ही भरता ती रक्कम तो तशीच धरतो. माणूस प्रमाणपत्र समोर ठेवून ३,०३,००० टाकतो आणि फॉर्म ते मर्यादेमुळे २,००,००० वर आणतो. आकडा ओळखीचा, म्हणून शंका येत नाही. बायकोच्या विवरणपत्रातही तेच होतं. दोघांचे मिळून ४ लाख, प्रमाणपत्रात ३,०३,०००. कर्जखाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम आता विवरणपत्रात द्यावी लागत असल्याने दोन्ही नावं एकाच कर्जखात्याशी जुळवणं आयकर विभागाला अवघड नाही.

तपासणीची युक्ती सोपी आहे. सादर करण्याआधी दोघांची विवरणपत्रं शेजारी ठेवा आणि व्याजाच्या दोन रकमा मिळवा. बेरीज प्रमाणपत्रापेक्षा जास्त आली तर कुठेतरी पूर्ण आकडा गेला आहे. मुद्दलाचंही तसंच. जुनी पद्धत निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा. उशीर झाला की तो पर्याय जातो.

गावच्या जमिनीवर घर बांधत असाल तर

कोकणात अर्धे प्रश्न फ्लॅटचे नसतातच. जमीन आजोबांची, सातबाऱ्यावर सहा चुलत्यांची नावं, मधे दोन मयत. त्यावर मुलगा-सून कर्ज काढून घर बांधतात आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद आईच्या नावाने होते, कारण घरपट्टी तीच भरायला जाते. मग सहकर्जदार सुनेचा हिस्सा किती? कागदावर शून्य, मुलाचाही शून्य.

अशा वेळी क्रम उलटा ठेवा. आधी सहहिस्सेदारांशी वाटप करून घ्या, नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे. फेरफार होऊन जागा वेगळी झाली की मग कर्ज. घर दोघांचं ठेवायचं असेल तर बांधकामाची परवानगी आणि नमुना ८ ची नोंद दोघांच्या नावाने मागा, आणि सिमेंट-चिऱ्याची बिलं कोणाच्या खात्यातून गेली ते जपा. नमुना ८ हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण घर कोणी बांधलं हे दाखवायला त्याच्यासोबत ही बिलं आणि परवानगी लागते.

बांधकाम सुरू असताना भरलेलं व्याज लगेच मिळत नाही. घर पूर्ण झालं त्या आर्थिक वर्षाआधीच्या ३१ मार्चपर्यंतचं व्याज एकत्र करून पाच समान भागांत, पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच वर्षं मिळतं, तेही हिश्शाप्रमाणे आणि त्याच २ लाखांच्या आत. कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाअखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही, तर मर्यादा प्रत्येकी २ लाखांवरून ३० हजारांवर येते. पावसाळ्याचे चार महिने काम बंद आणि चिरा वेळेवर न मिळणं, हे धरून चाललात तर पाच वर्षं वाटतात तितकी लांब नाहीत. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला काढून ठेवा, कारण तारीख त्यावरून ठरते.

बहिणीसाठी शेवटी हेच केलं: नवीन खातं काढलं, दोघांची नवी करपद्धत ठेवली आणि पन्नास-पन्नास हिश्शाचा सहीचा कागद फाइलीत लावला. खरेदीखत, इंडेक्स दोन, मंजुरीपत्र, दरवर्षीची प्रमाणपत्रं आणि खात्याचे उतारे यांचे फोटो काढून दोघांच्या ईमेलवर पाठवले. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं, तेव्हा तिथल्या कित्येकांच्या अशा फाइली चिखलात गेल्या. इंडेक्स दोनची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून पुन्हा मिळते. दोघांनी सही केलेला हिश्शाचा कागद मात्र कुठल्याच कार्यालयात नसतो.